कांद्याच्या भावाचा अंदाज आणि तो शोधनिबंधात मांडण्याची रीत: एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कृषी अर्थशास्त्राच्या एका शोधनिबंधाचे आहे. संशोधक विद्यार्थिनी, तिचे मार्गदर्शक, बाजार समिती आणि नियतकालिक यांपैकी कोणाचेही नाव येथे दिलेले नाही आणि ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत. निबंधाचा विषय साधा होता. नाशिक जिल्ह्यातील एका बाजार समितीत कांद्याला मिळालेल्या सर्वसाधारण दराची मासिक सरासरी घ्यायची, तिच्यावर कालश्रेणीचे मॉडेल बसवायचे आणि पुढील बारा महिन्यांच्या भावाचा अंदाज द्यायचा. माहिती जानेवारी 2010 ते डिसेंबर 2022 अशी 156 महिन्यांची होती. निबंध 2023 च्या उन्हाळ्यात पाठवला गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दोन परीक्षकांच्या शेऱ्यांसह परत आला. मार्गदर्शकांनी तो सांख्यिकीच्या नजरेने पाहण्यासाठी माझ्याकडे दिला.

कांद्याच्या भावाची चाल ठाऊक असल्याशिवाय पुढचा गुंता उलगडणार नाही. खरिपाचा लाल कांदा ऑक्टोबरपासून बाजारात येऊ लागतो, त्यामागून रांगडा येतो आणि मार्चनंतर उन्हाळ कांद्याची आवक वाढते. यांतला टिकणारा फक्त उन्हाळ कांदा. तो चाळीत साठवला जातो आणि पुढे चार-सहा महिने थोडा थोडा विकला जातो. त्यामुळे भावाला हंगामी वळण आहे, पण ते दर वर्षी सारखे नसते. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसाने लाल कांद्याचे नुकसान केले की वर्षाची अखेर भडकते, आणि भाव भडकले की केंद्र सरकार निर्यातीला हात घालते. 29 सप्टेंबर 2019 ला निर्यातबंदी आली ती मार्च 2020 मध्ये उठली. पुन्हा 14 सप्टेंबर 2020 ला आली आणि 1 जानेवारी 2021 पासून उठली. अशा मालिकेत एखादा महिना आधीच्या महिन्याच्या दुप्पट निघणे नवलाचे नाही.

मूळ निबंधात काय लिहिले होते

निबंध इंग्रजीत होता. त्यातील निष्कर्षाच्या परिच्छेदाचा आशय असा होता: ‘नऊ अरिमा मॉडेल तपासली. त्यांत दोन्ही फरक घेतलेल्या, म्हणजे एक नियमित व एक हंगामी फरक असलेल्या मॉडेलचा एआयसी सर्वांत कमी आला, म्हणून ते सर्वोत्तम ठरले. मॉडेलचा आर-वर्ग 0.84 आणि सरासरी टक्केवारी चूक 17 आहे, त्यावरून मॉडेलची अंदाजक्षमता चांगली असल्याचे दिसते. नोव्हेंबर 2023 मध्ये भाव क्विंटलला 2,318.47 रुपये राहील. शेतकऱ्यांनी या अंदाजानुसार साठवणुकीचे निर्णय घ्यावेत.’ अरिमा म्हणजे मालिकेच्या मागील मूल्यांवरून आणि मागील चुकांवरून पुढचे मूल्य काढणारी मॉडेल. फरक घेणे म्हणजे भावाऐवजी त्याची आधीच्या महिन्याशी किंवा गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी असलेली तफावत घेणे. एआयसी म्हणजे मॉडेल माहितीला किती बसते आणि त्यासाठी किती गुणक वापरते यांचा मिळून काढलेला आकडा, तो जितका कमी तितके मॉडेल सरस.

पहिल्या परीक्षकाचे म्हणणे दोन ओळींत होते. तक्त्यातील मॉडेलांची तुलना वैध नाही आणि चुकीचे प्रमाण कोणत्या अंतरावरच्या अंदाजाचे आहे ते कळत नाही, असे त्याने लिहिले होते. दुसऱ्या परीक्षकाने अंदाजाभोवतीचा पट्टा, म्हणजे भाव ज्यांच्या आत राहण्याची शक्यता आहे त्या कडा, का दिला नाही, एवढेच विचारले होते. शेरे छोटे असले तरी त्यांना खरे उत्तर द्यायचे तर निबंधाचा गाभाच पुन्हा बांधावा लागणार होता, आणि हे लेखकांच्या लगेच लक्षात आले नाही. विद्यार्थिनीचा पहिला प्रश्न होता, ‘सर, एआयसी तर याच मॉडेलचा सर्वांत कमी आहे. मग निवड चुकली कुठे?’

अडचण पहिली: तक्त्यातील एआयसी एकाच मापाचे नव्हते

नऊ मॉडेलांच्या तक्त्यात काही मॉडेल मूळ भावावर बसवलेली होती, काही एक फरक घेऊन आणि काही दोन्ही फरक घेऊन. एआयसी हा संभाव्यतेच्या लॉगवर उभा असतो, आणि ही संभाव्यता ज्या निरीक्षणांची मोजली जाते ती निरीक्षणे सर्व मॉडेलांना सारखी असतील तरच दोन एआयसी शेजारी ठेवता येतात. नियमित व हंगामी असे दोन्ही फरक घेतले की मालिकेतले 13 महिने कमी होतात. 156 महिन्यांच्या जागी 143 फरक उरतात, आणि हे फरक म्हणजे मूळ भाव नव्हेत. ती वेगळीच राशी आहे.

याचा परिणाम किती मोठा असतो हे आकड्यांत पाहणे बरे. अवशेषांचे, म्हणजे प्रत्यक्ष भाव आणि मॉडेलने काढलेला भाव यांतील तफावतींचे, प्रमाण विचलन सुमारे 350 रुपये असेल, तर सामान्य वितरणाच्या सूत्राप्रमाणे प्रत्येक महिना एआयसीत सरासरी 14.5 ची भर घालतो. तेरा महिने गळाले की एआयसी आपोआप सुमारे 190 ने उतरतो. मॉडेल चांगले असो वा वाईट, ही घट मिळतेच. निबंधातील विजेते मॉडेल दुसऱ्या क्रमांकाच्या, फरक न घेतलेल्या मॉडेलपेक्षा 160 ने पुढे होते. म्हणजे त्याचा विजय पूर्णपणे गळालेल्या महिन्यांचा होता, आणि गळतीचा हिशेब केला तर ते मागेच पडत होते. तक्त्यातील सर्वांत मोठी तफावत ही अशी केवळ मोजणीच्या पद्धतीतून आलेली होती.

लॉग घेतल्यावरही हाच घोळ होतो आणि तो अधिक फसवा असतो. तो दाखवण्यासाठी मी कांद्याची माहिती बाजूला ठेवली आणि आर या संगणकप्रणालीत आयतीच मिळणारी, 1949 ते 1960 मधील विमानप्रवाशांची 144 महिन्यांची प्रसिद्ध मालिका घेतली. ती कोणालाही तपासून पाहता येते.

```r
m1 <- arima(log(AirPassengers), order = c(0,1,1), seasonal = c(0,1,1))
m2 <- arima(AirPassengers, order = c(2,1,1), seasonal = c(0,1,0))
AIC(m1)
AIC(m2)
AIC(m1) + 2 * sum(log(AirPassengers[14:144]))
```

पहिल्या मॉडेलचा एआयसी उणे 483 येतो आणि दुसऱ्याचा 1018. दोन्हींत फरक सारखेच घेतलेले आहेत, तरीही हे 1500 चे अंतर निरर्थक आहे, कारण एक आकडा प्रवाशांच्या लॉगचा आहे आणि दुसरा प्रवाशांच्या संख्येचा. शेवटच्या ओळीत लॉगमुळे बदललेले माप परत जोडले की पहिल्याचा एआयसी सुमारे 987 होतो. लॉगचे मॉडेल अजूनही सरस आहे, पण 1500 ने नव्हे, तर सुमारे 30 ने. हे पाहिल्यावर विद्यार्थिनीने स्वतःचा तक्ता स्वतःच खोडला.

अडचण दुसरी: 17 टक्के चूक कशाची?

हा आकडा सॉफ्टवेअरच्या तक्त्यातून जसाच्या तसा उचलला होता. तो ज्या माहितीवर मॉडेल बसवले त्याच माहितीवरचा होता, आणि शिवाय एक महिना पुढच्या अंदाजाचा होता. म्हणजे मार्चचा भाव ठाऊक असताना एप्रिल किती, एप्रिलचा ठाऊक असताना मे किती, अशा 143 पायऱ्यांची ती सरासरी होती. निबंधाचा दावा मात्र डिसेंबरात उभे राहून पुढच्या नोव्हेंबरचा भाव सांगण्याचा होता. एका महिन्याच्या अंतरावरची चूक सांगून अकरा महिन्यांच्या अंतरावरचा अंदाज विकला जात होता, आणि वाचकाला ते कळण्याचा मार्ग नव्हता. दहा ते वीस टक्के चूक म्हणजे ‘चांगला अंदाज’ ही प्रचलित वर्गवारी त्यावर शिक्क्यासारखी लावलेली होती.

आर-वर्गाबाबत, म्हणजे भावातील चढउताराचा किती हिस्सा मॉडेलने पकडला त्या मापाबाबत, थोडक्यात सांगतो. ज्या मालिकेत आजचा भाव कालच्या भावाजवळच असतो तिथे ‘गेल्या महिन्याचाच भाव’ एवढे म्हणणाऱ्या पद्धतीचाही आर-वर्ग मोठा येतो. तो अंदाजक्षमतेचा पुरावा म्हणून देऊ नये.

तपासलेले पर्याय

पहिला पर्याय किमान दुरुस्तीचा होता. तक्ता काढून टाकायचा, एकच मॉडेल ठेवायचे, अंदाजाभोवती पट्टा घालायचा आणि भाषा मवाळ करायची. मार्गदर्शकांचा कल प्रथम इकडे होता, कारण विद्यार्थिनीची मुदत जवळ आली होती. अडचण अशी होती की निवडलेल्या मॉडेलला निवडीचा आधारच उरला नव्हता. तक्ता काढला असता तर आधार नसल्याचे फक्त झाकले गेले असते.

दुसरा पर्याय स्वयंचलित निवडीचा होता. प्रणालीला मालिका द्यायची, तिने सुचवलेले मॉडेल घ्यायचे आणि ‘स्वयंचलित पद्धतीने निवडले’ असे लिहायचे. ही पद्धत वाईट नाही, कारण ती फरकांची संख्या आधी चाचणीने ठरवते आणि मगच एआयसीसीने, म्हणजे मर्यादित माहितीसाठी दुरुस्त केलेल्या एआयसीने, तुलना करते, म्हणजे वरची चूक तिच्यात होत नाही. मात्र लॉग घ्यायचा की नाही, हंगाम कसा मांडायचा आणि किती महिने पुढे जायचे हे निर्णय ती आपल्यासाठी घेत नाही. वाचकाला नेमके तेच निर्णय समजायला हवे होते.

तिसरा पर्याय मार्गदर्शकांनी सुचवला आणि तो विचार करण्यासारखा होता. निर्यातबंदीच्या महिन्यांना शून्य-एकचे चल लावायचे, म्हणजे 2019 आणि 2020 चे उंचवटे मॉडेलमधून बाजूला निघतील आणि पट्टा अरुंद होईल. पट्टा अरुंद झालाही. पण 2023 साठी अंदाज द्यायचा म्हणजे त्या वर्षी बंदी येणार की नाही हे आधी ठाऊक हवे. ते ठाऊक नसताना चलाला शून्य ठेवणे म्हणजे ‘बंदी येणार नाही’ असे गृहीत धरणे, आणि मग जो पट्टा मिळतो तो त्या गृहीतकाच्या आतला असतो. शिवाय बंदी ही भाव चढल्यावर येते. ती भाववाढीचे कारण नाही, तिच्यामागून येणारी गोष्ट आहे. त्यामुळे गुणकाचा अर्थही सरळ लावता आला नसता. हा पर्याय सोडला, पण त्याची चर्चा निबंधात दोन वाक्यांत ठेवली, कारण पुढचा कोणताही परीक्षक हाच प्रश्न विचारणार होता.

चौथा पर्याय स्वीकारला. निवडीचा क्रम आधी लिहून काढायचा, तुलना एकाच राशीवर करायची आणि अंदाज प्रत्यक्ष किती चुकतात हे सरकत्या आरंभबिंदूने, म्हणजे अंदाज जिथून सुरू होतो तो महिना पुढे पुढे सरकवत, मोजायचे.

केलेली कृती

भावातील चढउतार भाव वाढला की वाढतात, म्हणून लॉग घ्यायचे ठरले. हा निर्णय आलेख पाहून आणि अर्थ लक्षात घेऊन केला होता आणि निबंधात तसेच सांगितले. फरक घ्यायचा की नाही हा खरा पेच होता. एकमूळ चाचणीने एकमूळ असण्याची, म्हणजे भाव ठरावीक पातळीकडे न परतता भरकटत राहण्याची, कल्पना नाकारली आणि तिच्या उलट्या गृहीतकाच्या चाचणीने स्थिरतेची कल्पना नाकारली नाही, म्हणजे दोघींचा कौल एकाच बाजूचा होता. तरी 156 महिन्यांत अशा चाचण्यांचे बळ मर्यादित असते, म्हणून फरक घेतलेले मॉडेल पूर्ण बाद न करता पुढे अंदाजाच्या चुकीवर तपासायला ठेवले. एआयसीवर त्याची तुलना मात्र केली नाही.

हंगामासाठी बारा महिन्यांचे बारा स्थिरांक घेतले. उरलेल्या भागासाठी मागील मूल्यांची स्वसमाश्रयी आणि मागील चुकांची चल-सरासरी पदे प्रत्येकी शून्य ते तीन अशी 16 मॉडेल, सर्व लॉगवर, सर्व 156 महिन्यांवर. एआयसीसी सर्वांत कमी आला तो दोन स्वसमाश्रयी पदांच्या मॉडेलचा, गुणक 1.20 आणि उणे 0.35. त्याच्यापासून दोन अंकांच्या आत आणखी तीन मॉडेल होती. येथे निबंधात एक वाक्य घालायचे की नाही यावर बराच वेळ चर्चा झाली आणि शेवटी ते घातले: या चारही मॉडेलांचे अंदाज कोणत्याही महिन्यासाठी परस्परांपासून तीन टक्क्यांहून अधिक दूर नाहीत, म्हणून त्यांतले कोणते घेतले यावर निष्कर्ष अवलंबून नाही. माझ्या मते ‘सर्वोत्तम मॉडेल’ या शब्दांपेक्षा हे वाक्य वाचकाला कितीतरी अधिक सांगते. अवशेषांत महिन्यामहिन्यांत काही संबंध उरला आहे का याची चाचणी 24 महिन्यांच्या अंतरापर्यंत केली, अंदाजलेल्या दोन गुणकांसाठी स्वातंत्र्यांश 22 धरला आणि तेही नोंदवले. मूळ निबंधात ती फक्त पहिल्या अंतरावर होती, जिथे जवळजवळ कोणतेही बसवलेले मॉडेल उत्तीर्ण होते.

यानंतर सरकता आरंभबिंदू. डिसेंबर 2017 पर्यंतच्या माहितीवर मॉडेल बसवायचे, पुढच्या सहा महिन्यांचा अंदाज घ्यायचा, मग एक महिना पुढे सरकायचे आणि हेच पुन्हा करायचे. असे एका महिन्याच्या अंतरावरचे 60 अंदाज आणि सहा महिन्यांच्या अंतरावरचे 55 अंदाज मिळाले. प्रत्येक फेरीत गुणक नव्याने काढले, कारण अंदाज करणाऱ्याकडे त्या दिवशी पुढची माहिती नसते. चूक लॉगवर मोजली. टक्केवारी चूक वापरली नाही, कारण 500 रुपयांच्या महिन्यात 500 ची चूक शंभर टक्के भरते आणि 4,000 च्या महिन्यात तीच साडेबारा टक्के भरते, त्यामुळे स्वस्ताईचे महिने सरासरीवर स्वार होतात.

कशाशी तुलना करायची?

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय मला हा वाटतो. विद्यार्थिनीने प्रथम ‘गेल्या महिन्याचाच भाव’ हा मापदंड घेतला. त्याच्याशी ताडून पाहता मॉडेलची चूक एका महिन्याच्या अंतरावर 9 टक्क्यांनी, तीन महिन्यांवर 14 टक्क्यांनी आणि सहा महिन्यांवर 22 टक्क्यांनी कमी होती. तिने मसुद्यात लिहिले की जितके पुढे जावे तितका मॉडेलचा फायदा वाढतो. आकडे खरे होते, वाक्यही आकड्यांना धरून होते, पण अर्थ उलटा होता.

सहा महिन्यांच्या अंतरावर ‘गेल्या महिन्याचा भाव’ हा फारच दुबळा प्रतिस्पर्धी आहे. मे महिन्यातला उन्हाळ कांद्याचा भाव नोव्हेंबरात राहील असे कोणताही व्यापारी म्हणणार नाही. त्या अंतरावर खरा प्रतिस्पर्धी म्हणजे त्या-त्या महिन्याची मागील वर्षांतली सरासरी, लॉगवर काढलेली. तिच्याशी तुलना केली तेव्हा मॉडेलचा फायदा फक्त 3 टक्के उरला. एका महिन्याच्या अंतरावर हीच सरासरी मात्र मॉडेलपुढे टिकत नव्हती.

याचे कारण मॉडेलच्या गुणकांतच दिसते. एका महिन्यापुढच्या अंदाजाचे प्रमाण विचलन लॉगवर 0.25 होते, तीन महिन्यांपुढे 0.48, सहा महिन्यांपुढे 0.57, आणि मालिकेचे स्वतःचे, हंगाम वजा केल्यानंतरचे, 0.58. सहाव्या महिन्यात मॉडेल जवळजवळ तेवढेच सांगते जेवढे त्या महिन्याची जुनी सरासरी सांगते. त्यापुढच्या सहा महिन्यांचे अंदाज देण्यात काहीच उरले नव्हते. बारा महिन्यांऐवजी सहाच महिन्यांचा अंदाज द्यायचा निर्णय येथे झाला, आणि निबंधाच्या शीर्षकातून वर्षाचा उल्लेख गेला. फरक घेतलेले जे मॉडेल राखून ठेवले होते ते सहाव्या महिन्यावर ‘गेल्या महिन्याच्या भावा’इतकेच चुकत होते, त्यामुळे त्याचाही निकाल येथेच लागला.

लॉगवरून रुपयांकडे

लॉगवरील अंदाज घातांकाने रुपयांत आणला की मिळतो तो मध्यक, सरासरी नव्हे. मूळ निबंधात लॉग नसल्याने हा प्रश्न आला नव्हता, नव्या आवृत्तीत आला. सहा महिन्यांपुढचा मध्यक 1,500 रुपये असेल आणि लॉगवरील विचलन 0.57 असेल, तर सरासरी काढण्यासाठी विचलनाच्या वर्गाच्या निम्म्याचा घातांक घ्यावा लागतो. तो सुमारे 1.18 येतो, म्हणजे सरासरी 1,760 रुपये. दोन्ही बरोबर आहेत, पण कोणता आकडा दिला ते सांगितलेच पाहिजे. निबंधात मध्यक दिला, कारण ‘भाव याच्या वर जाण्याची आणि खाली राहण्याची शक्यता सारखीच’ हा त्याचा अर्थ वाचकाला थेट कळतो. पट्ट्याच्या कडा मात्र घातांकाने सरळ रुपयांत येतात, त्यांना दुरुस्ती लागत नाही. याच उदाहरणात 80 टक्के पट्टा सुमारे 720 ते 3,110 आणि 95 टक्के पट्टा सुमारे 490 ते 4,580 होतो.

हा पट्टा पाहून मार्गदर्शक अस्वस्थ झाले. ‘एवढा रुंद पट्टा छापला तर निबंधाला काय अर्थ राहिला?’ असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. उत्तर असे की पट्टा रुंद आहे कारण कांद्याचा भाव सहा महिन्यांत खरोखर इतका हलतो, आणि सरकत्या आरंभबिंदूच्या तपासणीत तर हाही पट्टा थोडा अरुंदच ठरला होता. 80 टक्के पट्ट्यात एका महिन्याच्या अंतरावर 60 पैकी 47 भाव पडले, सहा महिन्यांच्या अंतरावर 55 पैकी फक्त 39. निसटलेले महिने विखुरलेले नव्हते. त्यांतले बरेच 2019 च्या अखेरीस एकत्र होते. हे दोन्ही आकडे निबंधात गेले.

2023 चे काय करायचे?

सुधारणा करेपर्यंत 2023 चे पूर्ण वर्ष हातात आले होते. ते मॉडेलमध्ये मिसळून 2024 चा अंदाज देता आला असता, आणि तो अधिक ताजा दिसला असता. आम्ही ते केले नाही. लॉग, हंगामाचे स्थिरांक, पदांची संख्या, अंतर आणि मापदंड हे सर्व निर्णय 2022 पर्यंतच्या माहितीवर झाले होते, म्हणजे सरकत्या तपासणीवरही आमची नजर पडून गेली होती. एकही निर्णय ज्याला पाहून झाला नाही असे हे एकच वर्ष शिल्लक होते. क्रम लिहून, सही करून मगच त्यावर एकदाच चालवायचे ठरले.

ते वर्ष सोपे नव्हते. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांद्याचे भाव इतके कोसळले की राज्य शासनाला क्विंटलमागे 350 रुपये अनुदान जाहीर करावे लागले. ऑगस्टमध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागले, ऑक्टोबरअखेर किमान निर्यातमूल्य टनाला 800 डॉलर झाले आणि 8 डिसेंबरला पुन्हा बंदी आली. एका महिन्याच्या अंतरावरचे 12 पैकी 9 भाव 80 टक्के पट्ट्यात होते. डिसेंबर 2022 मध्ये उभे राहून दिलेल्या सहा अंदाजांपैकी मार्चचा प्रत्यक्ष भाव पट्ट्याच्या खालच्या कडेच्याही खाली गेला. हे निबंधात लपवले नाही. त्याचा खुलासा म्हणून ‘अपवादात्मक परिस्थिती’ असेही लिहिले नाही, कारण तेरा वर्षांच्या मालिकेत अशा परिस्थिती वारंवार दिसतात.

फलित

छापून आलेल्या परिच्छेदाचा आशय असा आहे: ‘मासिक सर्वसाधारण दराच्या लॉगवर, बारा मासिक स्थिरांकांसह, 16 मॉडेलांची 156 महिन्यांवर एआयसीसीने तुलना केली. किमान मूल्य दोन स्वसमाश्रयी पदांच्या मॉडेलचे आहे. त्याच्या दोन अंकांच्या आतील तीन मॉडेलांचे अंदाज तीन टक्क्यांहून कमी वेगळे आहेत. एक महिना पुढे मॉडेल गेल्या महिन्याच्या भावापेक्षा 9 टक्के कमी चुकते. सहा महिने पुढे ते त्या महिन्याच्या ऐतिहासिक सरासरीपेक्षा केवळ 3 टक्के कमी चुकते, आणि चुकीचा आकार अर्ध्या भावाएवढा असू शकतो. दिलेले आकडे मध्यक आहेत. पट्टे धोरणात्मक हस्तक्षेप पूर्वीसारखेच होत राहतील या गृहीतकावर उभे आहेत आणि मागील तपासणीत ते नाममात्र व्याप्तीपेक्षा थोडे अरुंद आढळले.’ भाव रुपयांच्या दहाच्या पटीत दिले आणि दशांश गेले. शेतकऱ्यांना साठवणुकीचा सल्ला देणारे वाक्यही गेले. पहिल्या परीक्षकाने स्वीकृतीची शिफारस केली. दुसऱ्याने सहा महिन्यांचा अंदाज ठेवावाच का असे विचारले, आणि लेखकांनी तो एका महिन्याच्या उपयोगाशी तुलना व्हावी म्हणून ठेवला.

वेगळे काय करता आले असते

अंदाज कोणासाठी हे सुरुवातीलाच ठरले असते तर बरेच काम वाचले असते. चाळीत माल असलेल्या शेतकऱ्याचा प्रश्न ‘सप्टेंबरात भाव किती’ हा नसतो. सडून आणि वजन घटून जे जाते ते भरून काढण्याइतका भाव मेपेक्षा चढेल का, हा त्याचा प्रश्न असतो. त्यासाठी भावाचा मध्यक पुरत नाही, भाव एका ठराविक पातळीच्या वर जाण्याची शक्यता लागते. ती याच मॉडेलमधून थेट काढता आली असती आणि मूल्यमापनही तिचेच करता आले असते.

आवकेची माहिती बाजार समितीकडेच होती, पण ती वापरली गेली नाही. तिचा एका महिन्याच्या अंतरावर उपयोग झाला असता असे मला वाटते. मात्र सहा महिन्यांपुढच्या भावासाठी सहा महिन्यांपुढची आवक आधी अंदाजावी लागते, आणि प्रत्यक्ष आवक घालून काढलेली चूक छापली तर पहिल्या परीक्षकाचा चुकीच्या प्रमाणाबद्दलचा शेरा जसाच्या तसा परत येईल.